पाटावरची माती

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघर जी पूजा होते तिला भटजी 'पार्थिव गणेशपूजन' म्हणतात. पृथ्वीपासून झालेले ते पार्थिव, म्हणजे साध्या मराठीत मातीचे. देव्हाऱ्यातला पितळी गणपती बारा महिने जागचा हलत नाही; हा मात्र पाहुणा. मातीतून यायचे, दीड दिवस, पाच दिवस, गौरींबरोबर किंवा अनंत चतुर्दशीपर्यंत राहायचे, आणि पुन्हा मातीत जायचे. प्राणप्रतिष्ठा आणि उत्तरपूजा हे दोन्ही विधी यासाठीच आहेत. एकात त्या मातीला देवपण द्यायचे, दुसऱ्यात ते परत घ्यायचे. उत्तरपूजा झाली, पाट जरासा हलवला, की समोर उरते ती पुन्हा माती.

आता ही माती बदलली तर काय होते, हा प्रश्न धर्मशास्त्राचा तर आहेच, पण आमच्या गिरीजसारख्या गावात तो आधी पाण्याचा आहे. म्हणून मूर्तीच्या द्रव्याचा थोडा इतिहास सांगून मग मी पाण्याकडे वळणार आहे.

मूर्ती अमुकच द्रव्याची असावी हा आग्रह आपल्या लोकांनी प्रसंगी सोडलेला आहे. पोर्तुगीज अमलात मूर्तिपूजा उघडपणे करणे कठीण झाले, तेव्हा गोव्यातल्या कित्येक घरांनी कागदावर गणपती रेखाटला आणि त्याचीच पूजा केली. काही घराण्यांत तो कागदाचा गणपती आजही आहे. आमची वसईही १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत, त्याच अमलाखाली होती. म्हणजे देव बुद्धीने सोयीचा करून घ्यायची आपल्याला सवय आहे, आणि त्यात काही पापही नाही. सोय नेमकी कोणाची आणि तिची किंमत कोण देतो, एवढेच पाहायचे.

कोकणात गणपती करण्याच्या जागेला 'गणपतीची शाळा' म्हणतात. श्रावण लागला, नागपंचमीच्या सुमारास घरचा पाट त्या शाळेत नेऊन द्यायचा, त्या पाटावरच आपला गणपती बसवला जायचा आणि चतुर्थीला, किंवा आदल्या संध्याकाळी, त्याच पाटावरून तो घरी यायचा. गावच्या नदीकाठची किंवा शेतातली चिकणमाती पुरेशी होती. पुढे पेणसारख्या गावी हा धंदाच झाला आणि त्याला एकजातीची, गुळगुळीत, खड्यावाचूनची माती हवी झाली. ती म्हणजे शाडू. ही फिकट रंगाची अतिशय बारीक माती गुजरातेतून, भावनगरकडून येते. तेव्हा शाडू ही आपल्या परसातली माती आहे, असे जे भाबडेपणाने म्हटले जाते ते खरे नाही. तीही परगावाहून, भाडे भरून येते.

१८९३ साली लोकमान्यांनी उत्सवाला सार्वजनिक रूप दिले. त्याच साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेला गणपती आजही लहान आणि शाडूचाच असतो. पण बाकी ठिकाणी मूर्तीची उंची वाढत गेली. घरच्या गणपतीनेही मंडळाच्या गणपतीकडे पाहून मान उंच केली. शाडूला उंची झेपत नाही. आणि तेथेच प्लास्टर ऑफ पॅरिस पुढे आले.

हे प्लास्टर मुळात शिल्पकाराच्या खोलीतले. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीत जिप्समच्या खाणी होत्या, त्यावरून नाव पडले. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती पुढ्यात ठेवून हात बसवत. गणपतराव म्हात्रे यांनी तेथे विद्यार्थी असतानाच १८९६ च्या सुमारास जी 'मंदिरपथगामिनी' घडवली तीही प्लास्टरचीच. त्या काळी प्लास्टर म्हणजे टिकाऊ करून ठेवायची वस्तू, संग्रहालयात जपायची. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हेच द्रव्य गणपतीच्या कारखान्यात शिरले, आणि जपून ठेवायची वस्तू आपण बुडवू लागलो.

कारखानदाराने ते का घेतले हे समजून घेतले पाहिजे. त्याला नुसते लोभी म्हणून भागत नाही. शाडूचा गोळा साच्याच्या दोन अर्ध्यांत दाबून बसवायचा, अर्धे जुळवायचे, सांधा बुजवायचा, मूर्ती बाहेर काढून हात, सोंड, कान यांवर पुन्हा ओल्या बोटाने काम करायचे. मग ती सावलीत सुकवायची. बाहेर श्रावणसरी, हवेत ओल. आठ-दहा दिवस सहज जातात. घाई करून उन्हात ठेवली तर वरची माती आधी आकसते, आतली ओली राहते आणि तडा जातो. प्लास्टरचे तसे नाही. जिप्सम दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडून पांढरे पीठ उरते. त्या पिठात पाणी घातले की ते गमावलेले पाणी परत घेऊन पंधरा-वीस मिनिटांत दगड होते. रबरी साच्यात हे पातळ पीठ ओतायचे, काथ्याचा आधार द्यायचा, आतून पोकळ ठेवायचे. एका साच्यातून दिवसाला कितीतरी मूर्ती निघतात. माघात केलेली मूर्ती भाद्रपदापर्यंत तडकत नाही, टेंपोत रचून दूर नेली तरी बोट मोडत नाही, आणि वजनाला निम्मी. शाडूच्या मूर्तीला दुपटीच्या आसपास दाम पडतो तो मातीचा नव्हे. तो वाट पाहण्याचा, जागा अडवण्याचा आणि वाटेत मोडणाऱ्या मूर्तींचा दाम आहे.

रूपाचेही असेच. प्लास्टर साच्यातली रेघ न् रेघ उचलते. मुकुटाचे नक्षीकाम, अंगापासून सुटा उचललेला हात, पातळ कान, हे सारे त्यात सहज येते. शाडूचा मूर्तिकार हात अंगाजवळ ठेवतो, सोंड पोटावर टेकवतो, बैठक रुंद करतो. ही मातीची मर्यादा आहे. पण आपल्या डोळ्यांत जो जुना, ठेंगणा, ऐसपैस बसलेला गणपती आहे त्याचे रूप याच मर्यादेने घडवले आहे हेही विसरू नये. डोळ्यांची आखणी मात्र दोन्हीकडे हाताचीच, आणि मूर्ती प्रसन्न वाटते ती त्या आखणीमुळे. तेथे द्रव्याचा संबंध नाही.

आता पाण्याकडे येऊ. वसईच्या पट्ट्यात, गिरीज, निर्मळ, भुईगाव या बाजूला, वाडीवाडीत बावखळे आहेत. परगावच्या वाचकांसाठी सांगतो. बावखळ म्हणजे वाडीत खणलेले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाळ्यात ते भरते, जमिनीत झिरपते, आसपासच्या विहिरी गोड ठेवते. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. जमिनीखाली गोडे पाणी आणि खारे पाणी एकमेकांना रेटत उभे असतात. बावखळातले गोडे पाणी कमी झाले की खारे पुढे सरकते. केळीच्या, पानवेलीच्या, फुलांच्या वाड्या या रेट्यावर उभ्या आहेत. या वाड्या हिंदूंच्या आहेत आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांच्याही आहेत. जमिनीखालचे पाणी तेवढा भेद जाणत नाही. विसर्जनाला समुद्र लांब वाटला, पाऊस असला, की घरचा गणपती जवळच्या बावखळात किंवा तळ्यात जाई. मातीचा होता तोवर कोणाला त्याचे काही वाटले नाही.

प्लास्टर 'पाण्यात विरघळत नाही' असे सर्रास म्हणतात, आणि शाडू 'विरघळतो' असे म्हणतात. दोन्ही विधाने उलटी आहेत. शाळेतल्या मुलांना हे दाखवण्यासाठी मी दोन काचेच्या बरण्यांत एकेक लिटर पाणी घेतले. एकीत शंभर ग्रॅम खडखडीत सुकलेला शाडू, दुसरीत शंभर ग्रॅम प्लास्टरचा बिनरंगी तुकडा. शाडूतून बुडबुडे निघाले, कडा ढासळल्या आणि तास-दोन तासांत बरणीच्या तळाशी मऊ गाळ झाला. प्लास्टरचा तुकडा आठवड्याने होता तसाच. मुले म्हणाली, "सर, शाडू विरघळला." मी वरचे निवळलेले पाणी दोन्ही बरण्यांतून वेगवेगळे काढले आणि आटवले. शाडूच्या पाण्यामागे जवळजवळ काही उरले नाही. प्लास्टरच्या पाण्यामागे भांड्याला पांढरी खरड राहिली, दोन ग्रॅमांच्या आसपास.

याचा अर्थ असा. शाडू विरघळत नाही, तो विस्कटतो. मातीचे बारीक कण पाणी पिऊन एकमेकांपासून सुटतात आणि तळाशी बसतात. पाण्याच्या चवीत त्यांचा शिरकाव नाही. (गंमत अशी की मूर्ती जितकी कोरडी तितकी ती लवकर सुटते, अर्धवट ओली असली तर दिवसभर तशीच बसून राहते.) प्लास्टर मात्र खरोखर विरघळते, पण फार थोडे. लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमांहून अधिक जिप्सम मावतच नाही. तीन किलोंची मूर्ती पुरती विरघळायला बाराशे-साडेबाराशे लिटर पाणी हवे. घरच्या पंधरा लिटरच्या बादलीत ती बुडवली तर छत्तीस ग्रॅम जाईल आणि बाकीचा गणपती वर्षभर तसाच राहील.

आता हाच हिशेब एका बावखळाला लावू. समजा बावखळ दहा मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि दीड मीटर खोल आहे. त्यात एक लाख वीस हजार लिटर पाणी झाले. आळीतले चाळीस गणपती त्यात गेले, प्रत्येक तीन किलो प्लास्टरचा. म्हणजे एकशे वीस किलो. ते हळूहळू, महिनोन् महिने विरघळत राहिले आणि पाणी बदलले नाही, तर दर लिटरला एक ग्रॅम जिप्सम झाले, आणि त्यात सल्फेटचा भाग सुमारे ५६० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याचे आपले भारतीय मानक सल्फेट २०० मिलिग्रॅमपर्यंत ठेवा म्हणते, आणि दुसरे पाणीच नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेते. एका वर्षाच्या विसर्जनाने ती मर्यादा ओलांडली. पाणी जड होते, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. शिवाय तळाच्या गाळात हवा नसते. तेथले जंतू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. बावखळाचा गाळ काळा पडला आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला तर समजावे की तळाशी हे चालू आहे. पालापाचोळा आणि निर्माल्य कुजले तरी पाण्याची हवा संपते आणि मग हे काम अधिकच जोरात चालते. म्हणून दोष सगळा प्लास्टरवर टाकता येत नाही, पण त्याला खाद्य प्लास्टर पुरवते.

शाडूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. तेच चाळीस गणपती शाडूचे, प्रत्येकी सहा किलो, म्हणजे दोनशे चाळीस किलो माती. ऐंशी चौरस मीटर तळावर ती बसली तर थर दोन-तीन मिलिमीटरांचा. एका वर्षी काहीच नाही. वीस वर्षांत चार-सहा सेंटिमीटरांच्या घरात जातो, आणि ही चिकण माती झिरपण्याची छिद्रे बुजवते. बावखळाचे तर सारे काम झिरपण्याचे. तेव्हा गाळ उपसण्याची जुनी रीत मोडली तर शाडूही निर्दोष राहत नाही. फरक एवढाच की हा गाळ फावड्याने काढता येतो. पाण्यात उतरलेले सल्फेट फावड्याला लागत नाही.

आणि खरे विष आहे ते रंगात. झगझगीत पिवळ्या, तांबड्या, सोनेरी रंगांत शिसे, क्रोमियम, कॅडमियम, पारा असू शकतो. शाडूच्या मूर्तीला तैलरंग फासला तर शाडू घेण्यातले निम्मे पुण्य तेथेच गेले. शिवाय तो रंगाचा पापुद्रा पाणी आत जाऊ देत नाही आणि मूर्ती सुटतही नाही. गेरू, हळद, चुना, किंवा पाण्यात कालवायचे साधे रंग, एवढ्यावर पूर्वी भागत असे.

सरकारदरबारी हा प्रश्न पोचला त्याला बराच काळ झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली विसर्जनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मे २०२० मध्ये सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. ती मनाई लगेच वर्षभर पुढे ढकलली गेली, कारण त्या वर्षीच्या मूर्ती कारखान्यांत आधीच उभ्या होत्या. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मनाई काटेकोरपणे पाळण्यास सांगितले. जूनमध्ये मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात परवानगीवाचून विसर्जन नको म्हटले. आणि २४ जुलै २०२५ रोजी सहा फुटांपर्यंतच्या प्लास्टरच्या मूर्ती कृत्रिम तलावातच बुडवाव्या, त्याहून मोठ्या मूर्ती, दुसरा उपाय नसल्याने, समुद्रात किंवा तळ्यात जाऊ द्याव्या, अशी व्यवस्था मार्च २०२६ पर्यंतच्या उत्सवांसाठी लावून दिली. गंमत पाहा, या निकालात सवलत मिळाली ती मंडळाच्या उंच मूर्तीला, आणि शिस्त लागली ती घरच्या फूटभर गणपतीला. पण मला त्यात अन्याय दिसत नाही. संख्येने घरचे गणपतीच अफाट आहेत, आणि बावखळात जातात तेही तेच.

कृत्रिम तलावाने पाणी वाचते, प्लास्टर नाहीसे होत नाही. ते गोळा करावे लागते, गाडीत भरावे लागते आणि कोठेतरी ठेवावे लागते. तत्त्वतः जिप्सम पुन्हा भाजला की पुन्हा प्लास्टर. पण रंग, काथ्या, तारा, चमकी त्यातून वेगळे कोणी करायचे? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणखी एक वाट दाखवली आणि २०१६ पासून पुणे महापालिकेने ती लोकांत नेली. बेकरीत वापरतात ते अमोनियम बायकार्बोनेट मूर्तीच्या वजनाइतके घ्यायचे, बादलीत पाण्यात कालवायचे, त्यात मूर्ती ठेवून अधूनमधून ढवळत राहायचे. दोन-तीन दिवसांत प्लास्टर मोडते. तळाशी खडूची भुकटी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचे पाणी राहते, जे खत म्हणून पातळ करून झाडांना चालते. युक्ती खरी आहे. पण अमोनियाचा उग्र वास येतो, बंद खोलीत हे करू नये, आणि रंगातले शिसे त्याने नाहीसे होत नाही. शिवाय मूर्ती वजनदार असली की पिंपच लागते.

बाजारात मी एका मूर्तिकाराला विचारले, "दादा, शाडू म्हणून प्लास्टर देत नाहीत ना कोणी?" तो हसला. म्हणाला, "मास्तर, गणपती उचलून बघा आणि खालून बघा. बैठकीला रंग नसतो." त्याचे म्हणणे सोपे होते. प्लास्टर हलके, टिचकी मारली तर पोकळ वाजते. शाडू जड आणि मुका. बैठकीच्या बिनरंगी जागी ओले बोट घासावे. शाडू असेल तर बोटाला चिखल लागतो, प्लास्टर पाणी पिते पण चिखल होत नाही. मग तोच म्हणाला, "लोक दीड फुटाचा मागतात आणि भाव फुटाचा विचारतात. एवढी माती मी कोठून आणू?"

त्याच्या या बोलण्यात खर्चाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मूर्तीची उंची दीडपट केली तर माती दीडपट लागत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढतात, आणि माती लागते तीन पूर्णांक तीन-अष्टमांश पट. उलट दीड फुटांवरून एक फुटावर या, की दोन-तृतीयांशाहून अधिक माती वाचते, सुकण्याचे दिवस कमी होतात, वाटेत मोडण्याची भीती घटते. फूटभर शाडूची मूर्ती दीड फुटी प्लास्टरच्या मूर्तीपेक्षा फार महाग पडत नाही. पुष्कळदा बरोबरीने पडते. रूपात हरलो असे वाटणार नाही, कारण फूटभर मूर्तीत शाडूला अवघड असे काही उरतच नाही. आणि ती मोठ्या घंगाळात सुटते. त्या पाण्याला बावखळ लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. ते गढूळ पाणी सगळेच्या सगळे चाफ्याच्या किंवा केळीच्या बुंध्याशी ओतू नये. शाडू वाळला की मुळांवर पापडी धरतो आणि हवा तोडतो. मूठभर पुरे. उरलेला गाळ फडक्यातून गाळून, सावलीत आटवून मूर्तिकाराला परत द्यावा. तो घेतो, कारण भावनगरची माती त्याला विकतच आणावी लागते. मुंबई-पुण्याकडे असा शाडू परत गोळा करण्याचे उद्योग सुरूही झाले आहेत. मात्र रंग पाण्यात कालवलेला असेल तरच; तैलरंगाची माती कोणी परत घेत नाही.

आमच्याकडे विसर्जनाहून परतताना रिकामा पाट तसाच आणत नाहीत. पाण्याकाठची चिमूटभर वाळू किंवा माती त्यावर ठेवून तो घरी आणायचा, आरती म्हणायची आणि ती माती घरात, धान्याच्या कणगीत, अंगणात टाकायची, अशी रीत आहे. ही रीत कोणी घातली ते ठाऊक नाही, पण ती घालणाऱ्याला 'पार्थिव' शब्दाचा अर्थ नीट कळला होता. गेलेल्या पाहुण्यातले काहीतरी हातात परत यावे अशी त्याची अपेक्षा होती. फूटभर शाडूच्या गणपतीकडून ती आजही पुरी होते.